अकरावीचे गुण आणि तीनशे शब्दांची चौकट

अमेरिकेत पदवी शिक्षणासाठी जाऊ पाहणारे बहुतेक विद्यार्थी ‘कॉमन ॲप’ नावाचा एकच ऑनलाइन अर्ज भरून तो अनेक कॉलेजांना पाठवतात. १९७५ साली पंधरा खासगी कॉलेजांनी मिळून सुरू केलेल्या या अर्जावर आज हजाराहून अधिक कॉलेजे प्रवेश देतात. अर्जातला सर्वांत गाजलेला भाग म्हणजे ६५० शब्दांपर्यंतचा मुख्य निबंध. त्याच्यावर महिनोन्‌महिने मेहनत होते, त्यासाठी शिकवण्या लागतात, त्याचे दहा-दहा खर्डे होतात. त्याच अर्जात शेवटाकडे ‘ॲडिशनल इन्फर्मेशन’ म्हणजे ‘अधिक माहिती’ नावाची एक ऐच्छिक चौकट असते. अर्जात इतरत्र न आलेले काही सांगायचे असेल तर इथे सांगा, एवढीच तिच्यावरची सूचना. अनेक जण ती रिकामी सोडतात, काही जण तिच्यात दुसरा निबंध लिहितात. ती रिकामी सोडण्यात बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. दुसरा निबंध लिहिण्याने मात्र बिघडते.

या चौकटीची मर्यादा पूर्वी ६५० शब्दांची होती, म्हणजे मुख्य निबंधाएवढीच. इतकी मोकळी जागा दिसली की ती भरायची आहे असे वाटणे स्वाभाविक होते. २०२५-२६ च्या प्रवेशवर्षापासून ती ३०० शब्दांवर आणली गेली. तिच्या शेजारी ‘चॅलेंजेस अँड सर्कमस्टन्सेस’ अशी दुसरी ऐच्छिक चौकट आहे, २५० शब्दांची. हिचे मूळ कोविडच्या काळातले. टाळेबंदीचा अभ्यासावर झालेला परिणाम सांगायला २०२० साली एक वेगळा प्रश्न अर्जात आला, त्यात नैसर्गिक आपत्तींसारखी कारणेही होती आणि आता आजारपण, घरातला मृत्यू, पालकांची नोकरी जाणे, घरच्या कुणाची सेवा करावी लागणे, राहत्या घराची शाश्वती नसणे अशा सर्वच अडचणींसाठी ती खुली आहे. थोडक्यात, अडचण घडली असेल तर ती या दुसऱ्या चौकटीत जाते आणि अडचण नसलेली, पण समजावून सांगावी लागणारी गोष्ट पहिल्या चौकटीत.

अशी खुलाशाची जागा निबंधाबाहेर वेगळी का लागते, हे दोन्ही मजकुरांच्या कामावरून कळते. मुख्य निबंधातून वाचणाऱ्याला त्या मुलाचा किंवा मुलीचा स्वभाव कळायला हवा. विचार कसा करते, काय पाहते, कशाने अस्वस्थ होते. खुलाशाला तारखा लागतात, कारण लागते, परिणाम लागतो. ‘ऑगस्टमध्ये हे घडले, त्यामुळे ऑक्टोबरच्या परीक्षेत गुण कमी पडले’ हे वाक्य निबंधात आले की निबंध तिथेच अर्जविनंतीसारखा वाटू लागतो. वाचणारा त्या वाक्यापुढे लेखकाकडे पाहत नाही, गुणपत्रिकेकडे पाहू लागतो. उलटही तितकेच खरे. खुलाशात पावसाचे वर्णन, रुग्णालयाच्या कॉरिडॉरमधला वास, आईच्या डोळ्यांतले पाणी आले की घाईत असलेल्या वाचकाला हवी ती तारीख शोधावी लागते. प्रवेश अधिकाऱ्याच्या टेबलावर हंगामात अर्जांचा ढीग असतो आणि पहिल्या वाचनात एका अर्जाला काही मिनिटेच मिळतात. खुलासा त्या मिनिटांतल्या अर्ध्या मिनिटाचा धनी असतो.

महाराष्ट्रातल्या, विशेषतः राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांना या चौकटीची गरज एका ठरावीक जागी पडते, ती म्हणजे अकरावी. अमेरिकी कॉलेजे नववी ते बारावी या चारही वर्षांच्या गुणपत्रिका मागतात. लवकरच्या फेरीची मुदत सहसा १ नोव्हेंबरच्या आसपास आणि नियमित फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला असते. बारावीची मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, निकाल मे महिन्याच्या आसपास लागतो. म्हणजे अर्ज वाचला जातो तेव्हा हातात असलेले शेवटचे पूर्ण वर्ष अकरावीचे असते. अमेरिकेतल्या शाळांतही अकरावीचे वर्ष सर्वांत महत्त्वाचे मानतात, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर सवयीनेच तिथे जाते.

आपल्याकडे नेमके उलटे आहे. अकरावीचे गुण पुढे कुठेच धरले जात नाहीत, दहावीने दमलेल्या मुलाला एक वर्ष उसंत हवी असते, आणि जेईई-नीटची तयारी करणाऱ्यांचा सगळा दिवस क्लासमध्ये जातो. त्यातच शाळा बदललेली असते. नववी-दहावी एका शाळेत, अकरावी-बारावी दुसऱ्याच ज्युनिअर कॉलेजात, अशी चार वर्षांची फाळणी देशातल्या बऱ्याच शाळांत होत नाही, पण महाराष्ट्रात ती सर्रास आहे. परिणामी दहावीला ९४ टक्के आणि अकरावीला ६७ अशी गुणपत्रिका साताऱ्यात कुणाला खटकत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये ती वाचणाऱ्याला मात्र तिथे एक खड्डा दिसतो, आणि तो का पडला हे अर्जात कुठेही लिहिलेले नसते.

अशा एका अर्जाची कल्पना करून पाहता येईल. साताऱ्यातली एक मुलगी. सेमी-इंग्रजी शाळेतून दहावीला ९४.६० टक्के. अकरावीला विज्ञान शाखेत पहिल्या सत्रात ५८, वार्षिक परीक्षेत ७३, वर्षाचा एकत्रित निकाल ६७. बारावीच्या पहिल्या सत्रात ८४. अकरावीच्या ऑगस्टमध्ये वडिलांना अपघात झाला, पायाच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत ते घराबाहेर पडू शकले नाहीत. घरचे दुकान झेरॉक्स आणि वह्या-पुस्तकांचे. सकाळी आई बसायची, संध्याकाळी पाच ते नऊ मुलगी. तिला संगणकशास्त्र शिकायचे आहे आणि तिच्या कॉलेजात तो विषय नाही.

तिचा पहिला खर्डा बहुधा असा असेल: अकरावी हे भारतात कमी महत्त्वाचे वर्ष मानले जाते, शिवाय माध्यम बदलल्याने सुरुवातीला अवघड गेले, शिवाय भौतिकशास्त्राचे शिक्षक वर्षभर नीट शिकवत नव्हते, त्यात वडिलांचा अपघात झाला आणि सारे जग कोसळले, पण या संकटाने तिला कणखर बनवले आणि कुटुंबाचे मोल शिकवले. चारशे शब्द, चार कारणे आणि शेवटी बोध.

यातले पहिले कारण खरे आहे, तरी कामाचे नाही. ज्या विद्यापीठांकडे भारतातून अनेक अर्ज येतात, तिथे भारताचे अर्ज वाचणारा अधिकारी सहसा ठरलेला असतो. मंडळामंडळांतला फरक, टक्क्यांची आपली मोजणी, अकरावीचे गुण मंडळाचे नसून कॉलेजचे असतात, हे त्याला ठाऊक असते. त्याच गावातून, त्याच मंडळातून अकरावीला ८५ टक्के मिळवलेल्या मुलांचे अर्जही त्याच ढिगात असतात. ‘आमच्याकडे हे वर्ष कुणी मनावर घेत नाही’ याचा अर्थ त्याच्या लेखी एवढाच होतो की या विद्यार्थिनीनेही ते मनावर घेतले नाही. सबंध देशाला लागू पडणारे कारण एका मुलीच्या ६७ टक्क्यांचा उलगडा करू शकत नाही.

माध्यमबदलाचे कारण तर थेट अंगावर उलटेल. सेमी-इंग्रजीत गणित आणि विज्ञान आधीपासून इंग्रजीतूनच असते, आणि तिचे गुण घसरले ते नेमके गणित-विज्ञानात. पूर्ण मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला हे कारण सच्चेपणाने देता येते. त्याची पहिली सत्रपरीक्षा आणि वार्षिक परीक्षा यांतला फरकही ते दाखवून देतो. इथे मात्र दहावीच्या कागदांवरून माध्यम कळले की खुलाशातला एक धागा सुटतो आणि वाचणारा उरलेल्या धाग्यांकडेही संशयाने पाहू लागतो. शिक्षकाबद्दलच्या तक्रारीचे तेच. ती खरी असू शकते, पण त्याच कॉलेजातून शिफारसपत्रेही येणार असतात, आणि आपल्या अपयशाचे खापर दुसऱ्यावर फोडणारा विद्यार्थी वसतिगृहात आणि प्रयोगशाळेत कसा वागेल, असा विचार वाचणाऱ्याच्या मनात येतोच. एका खऱ्या कारणाला तीन कच्ची कारणे जोडली की चौथेही कच्चे वाटते.

उरतो अपघात. तो खरा आहे, गुणपत्रिकेवरच्या खड्ड्याशी त्याच्या तारखा जुळतात आणि अर्जात दुसऱ्या कुणी तो सांगितलेला नाही. खुलासा करावा की नाही, याची कसोटी या तीनच गोष्टींत सामावलेली आहे. अर्जाच्या कोणत्या पानावर, कोणत्या ओळीशी वाचणाऱ्याला प्रश्न पडेल हे बोट ठेवून सांगता आले पाहिजे; दिलेले कारण नेमके त्याच ओळीला लागू पडले पाहिजे; आणि ते अर्जात इतरत्र आलेले नसले पाहिजे. पहिली अट तपासायचा सोपा मार्ग असा की घरची परिस्थिती ठाऊक नसलेल्या एखाद्या शिक्षकापुढे चार वर्षांच्या गुणपत्रिका ठेवाव्यात आणि ‘इथे का?’ असे कुठे वाटते ते विचारावे. त्यांचे बोट कुठेच थांबले नाही तर लिहिण्यासारखे काही नाही. ९५ टक्क्यांच्या रांगेतल्या एका ८८ बद्दल खुलासा देणे म्हणजे वाचणाऱ्याच्या लक्षात न आलेली गोष्ट त्याला दाखवून देणे.

आता हा मजकूर जायचा कुठे? अपघात आणि त्याचा परिणाम ही अडचण आहे, त्यामुळे तो २५० शब्दांच्या दुसऱ्या चौकटीत बसतो. दोन्ही चौकटींत तेच लिहिण्यात अर्थ नाही. शिवाय त्यातला एक भाग या दोन्ही चौकटींच्या आधीच सांगता येतो, आणि हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. कॉमन ॲपमध्ये शाळेबाहेरच्या दहा उपक्रमांची यादी असते आणि तिच्यातल्या प्रकारांत ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ हा एक प्रकार आहे. नाट्यस्पर्धा आणि रोबोटिक्स क्लब यांच्या शेजारी दुकानावर बसणे लिहायला आपल्याकडे मुलांना संकोच वाटतो. घरचे काम हे काय सांगायचे, असे आईवडीलही म्हणतात. प्रत्यक्षात आठवड्याला २५ तास, वर्षातले २० आठवडे, अकरावीत, ही नोंद यादीतल्या कोणत्याही प्रमाणपत्राइतकी वजनदार असते. वर्णनाला १५० अक्षरांचीच जागा असते, पण तासांचे आकडे स्वतंत्र रकान्यात येतात आणि खुलाशाचे अर्धे काम तेच करतात. गुण का घसरले हे वाचणाऱ्याला खुलाशाआधीच उमगू लागते.

मग चौकटीत लिहायचा मजकूर लहान होतो. तो अर्थातच इंग्रजीत लिहायचा. मराठीत त्याचा आशय असा असेल:

“अकरावीच्या वर्षी १९ ऑगस्टला वडिलांना रस्ता अपघात झाला. त्यांच्या पायावर दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत त्यांना काम करता आले नाही. आमच्या कुटुंबाचे उत्पन्न एका लहान दुकानावर चालते. या काळात मी सोमवार ते शुक्रवार रोज संध्याकाळी पाच ते नऊ आणि रविवारी पाच तास दुकान सांभाळले. प्रात्यक्षिकांचे काही तास बुडाले आणि ऑक्टोबरच्या सत्रपरीक्षेत मला ५८ टक्के गुण मिळाले. वडील कामावर परतल्यावर एप्रिलच्या वार्षिक परीक्षेत ७३ आणि बारावीच्या पहिल्या सत्रात ८४ टक्के मिळाले. अकरावीचा एकत्रित निकाल ६७ टक्के दिसतो, त्यात पहिल्या सत्राचे गुण धरलेले आहेत. वडील आता पूर्ण बरे आहेत. दुकानात मी आता फक्त रविवारी बसते.”

इंग्रजीत हा मजकूर सव्वाशे-दीडशे शब्दांत आटोपतो. त्यात ‘दुर्दैवाने’ नाही, ‘कणखर’ नाही. काय घडले, केव्हा, त्याचा कशावर परिणाम झाला, पुढे काय झाले आणि आज स्थिती काय, एवढेच आहे. शेवटची दोन वाक्ये अनावश्यक वाटली तरी ती सर्वांत कामाची आहेत, कारण वाचणाऱ्याच्या मनातला खरा प्रश्न भूतकाळाचा नसतोच. ही मुलगी पुढच्या सप्टेंबरमध्ये आपल्या वर्गात आली तर अभ्यास पेलेल का, हे त्याला ठरवायचे असते. ५८, ७३, ८४ हा चढता क्रम त्याचे उत्तर देतो. एकत्रित ६७ या आकड्यात तो चढ दडून गेलेला होता. तो उलगडून दाखवणे हे या खुलाशाचे सर्वांत मोठे काम. मात्र सत्रवार गुण कॉलेजने पाठवलेल्या गुणपत्रिकेत नसतील तर ते पाठवण्याची व्यवस्था आधी करावी लागते, नाहीतर हे आकडे फक्त विद्यार्थिनीच्या तोंडचे राहतात.

सगळ्यांच्या गुणांत असा चढ नसतो. अडचण अजून चालू असेल, गुण अजून सावरलेले नसतील, तर सावरल्याचा देखावा करण्यापेक्षा सद्यःस्थिती सांगणे बरे: उपचार चालू आहेत, आता घरात मदतीला आत्या आली आहे, अभ्यासाचे तास अमुक झाले आहेत. खुलाशाने ६७ चे ८५ होत नाहीत. अतिशय चुरशीच्या कॉलेजात तो ६७ अर्ज बाजूला पडायला पुरेसाही ठरू शकतो. खुलासा एवढेच करतो की त्या आकड्याचा अर्थ आळस किंवा अकुवत असा लावला जात नाही. पालकांना समुपदेशकांकडून याहून मोठी आश्वासने मिळतात, ती फारशी मनावर घेऊ नयेत.

आजारपणाबाबत एक वेगळा प्रश्न येतो: किती सांगायचे? घरातले बाहेर कशाला, ही आपल्याकडची भीड इथे अगदीच चुकीची नाही. अर्ज वाचणाऱ्याला निदानाची गरज नसते, परिणामाची असते. ‘प्रकृतीच्या कारणाने अकरावीत ४१ दिवस कॉलेजला जाता आले नाही, उपचार मार्चमध्ये संपले’ हे आजाराचे नाव न घेताही पुरते. मानसिक आजाराबद्दल लिहावे की नाही हा सर्वस्वी विद्यार्थ्याचा निर्णय. लिहिलेच तर उपचार आणि आजची स्थिती त्यात हवी. आईवडिलांमधले तंटे, भावंडांचे व्यसन अशा गोष्टींत दुसऱ्या माणसाचे खासगीपण गुंतलेले असते, आणि ते लिहिण्याआधी त्या माणसाला विचारणे हे साधे सौजन्य आहे. रुग्णालयाचे कागद आपणहून जोडण्याची गरज नसते.

कागदांपेक्षा जास्त वजन कॉलेजच्या पत्राला असते. अमेरिकी अर्जात विद्यार्थ्याच्या मजकुरासोबत शाळेच्या समुपदेशकाचा अहवाल आणि पत्रही जाते. महाराष्ट्रातल्या बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत समुपदेशक हे पदच नसते. ते काम प्राचार्य, उपप्राचार्य किंवा एखादे शिक्षक करतात, आणि शेकडो मुलांच्या वर्गातली ही मुलगी त्यांना चेहऱ्यानेही आठवत असेलच असे नाही. म्हणून तिने त्यांना अर्धे पान द्यायचे: अपघाताची तारीख, बुडालेले दिवस, सत्रवार गुण. त्यांच्या पत्रात ‘ऑगस्ट ते जानेवारी या काळात कौटुंबिक कारणाने तिची उपस्थिती कमी होती’ एवढे एक वाक्य आले तरी चौकटीतला मजकूर पक्का होतो. तारखा मात्र दोन्हीकडे सारख्याच हव्यात. विद्यार्थिनी ऑगस्ट म्हणते आणि पत्रात जुलै येतो, अशी बारीक विसंगतीही चटकन नजरेत भरते, आणि तिचा खुलासा करायला मग जागा उरलेली नसते.

आता पहिली, ३०० शब्दांची चौकट. साताऱ्याच्या या मुलीसाठी तिथे दोन-तीन कोरड्या नोंदी पुरतात. पहिली विषयाची. संगणकशास्त्राला अर्ज करणाऱ्या मुलीच्या गुणपत्रिकेत तो विषय नाही, हे वाचणाऱ्याला दिसणारच. राज्य मंडळात विज्ञान शाखेला संगणकशास्त्र हा दोनशे गुणांचा द्विलक्षी विषय घेता येतो, पण तो सगळ्याच कॉलेजांत शिकवला जात नाही. ‘माझ्या कॉलेजात हा विषय उपलब्ध नाही, बारावीच्या सुट्टीत मी हार्वर्डचा सीएस५० हा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला’, दोन वाक्ये, बस. कॉलेजने पाठवलेल्या माहितीपत्रकात विषयांची यादी असेल तर पहिले वाक्यही नको. चार वर्षांत घेतलेल्या विषयांवरून वाचणारा विद्यार्थ्याने उपलब्ध संधींचे काय केले हे पाहतो, आणि संधीच नव्हती हे त्याला साताऱ्यातून कुणीतरी कळवावे लागते.

दुसरी नोंद आपल्याकडच्या परीक्षांची. पारितोषिकांच्या यादीत पाचच जागा आणि प्रत्येकी शंभर अक्षरे. ‘इंटरमिजिएट ड्रॉइंग, अ श्रेणी’ असे लिहिले तर अमेरिकेत त्याचा अर्थ ‘चित्रकलेचा मधला वर्ग’ एवढाच निघतो. ती राज्याच्या कला संचालनालयाची, शाळेबाहेरची परीक्षा आहे, हे एका वाक्यात सांगितले की नोंदीला बैठक मिळते. गांधर्व महाविद्यालयाच्या विशारदचे तसेच. प्रारंभिकपासून पायरी-पायरीने वर्षानुवर्षे दिलेल्या परीक्षांनंतरचा तो टप्पा आहे, हे नावावरून परक्याला कळण्याचा संभव नाही. पण ही सवलत समजावण्यापुरतीच आहे. यादीत न मावलेली अकरावी, बारावी, तेरावी पदके इथे ओतायला सुरुवात केली की वाचणारा ती सोडून देतो, आणि त्यांच्यासोबत कामाचे वाक्यही सोडून देतो. पाचवी-आठवीची शिष्यवृत्ती तर नववीच्या आधीची असल्याने इथे येऊच नये, मग ती मिळाल्यावर गल्लीत पेढे का वाटले असेनात.

तिसरी नोंद नावाची. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे; पारपत्रावर क्रम वेगळा; एखाद्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव गायब. अर्जात पूर्वीच्या किंवा वेगळ्या नावासाठी रकाना असतो, पण केवळ क्रमाचा घोळ असेल तर ‘या तिन्ही कागदांवरची व्यक्ती एकच आहे’ असे एक वाक्य इथे टाकणे बरे. त्याने कागद जुळवणाऱ्या कारकुनाचा वेळ वाचतो.

जेईई किंवा नीटसाठी बारावीनंतर एक वर्ष घरी थांबलेल्या मुलांनाही हीच चौकट लागते. त्या रिकाम्या वर्षात काय केले, हे तारखांसह सांगायचे असते. ‘तयारी करत होतो’ एवढ्याने भागत नाही. कोणती परीक्षा, केव्हा दिली, आणि आता दिशा का बदलली, हे तीन-चार वाक्यांत यावे. परीक्षेतला निकाल मनासारखा नव्हता हे लपवण्यात अर्थ नाही. अभियांत्रिकीची तयारी करणाऱ्याने पुढच्या वर्षी अर्थशास्त्राला अर्ज केला, तर वाचणाऱ्याला पडणारा प्रश्न त्या रिकाम्या वर्षापेक्षा या वळणाचाच असतो. वळणामागे खरोखर विचार असेल तर तो मात्र या चौकटीत कोंबू नये; तो मुख्य निबंधाचा ऐवज आहे.

अपघाताच्या बाबतीतही ही सीमा सांभाळावी लागते. साताऱ्याच्या मुलीला दुकानाच्या गल्ल्यावर बसून जे दिसले, त्यावरच निबंध लिहायचा असेल तर जरूर लिहावा: झेरॉक्स काढायला येणारे शेतकरी, सातबाऱ्यावरची चुकलेली नावे, एका पानासाठी होणारी घासाघीस. त्या निबंधात गुणांचा उल्लेख नको. मग चौकटीतला मजकूर आणखी लहान होतो, कारण अपघात घडला हे वाचणाऱ्याला ठाऊक असते. उरतात फक्त तारखा आणि तीन आकडे. निबंधातली एखादी गोष्ट शब्दमर्यादेत मावली नाही म्हणून ती चौकटीत पुढे चालू ठेवणे मात्र सर्वांत वाईट. मर्यादा पाळता आली नाही, एवढीच माहिती त्यातून जादा मिळते.

लिहून झाल्यावर तांत्रिक बाबी थोड्याच उरतात. चौकट साध्या मजकुराची आहे; तक्ते, रंग, दुवे यांच्या भरवशावर राहू नये, कारण दुवा उघडण्याइतका वेळ वाचणाऱ्याकडे असेलच असे नाही. दोन-तीन वेगळ्या नोंदी असतील तर प्रत्येकीची सुरुवात ‘विषय’, ‘परीक्षा’, ‘नाव’ अशा एकेका शब्दाने केली की पुरते. अर्ज पाठवण्याआधी त्याची पीडीएफ प्रत दिसते, ती उघडून मजकूर मध्येच तुटलेला नाही ना हे बघावे. शिवाय हीच चौकट यादीतल्या सर्व कॉलेजांना जाते, म्हणून तिच्यात एखाद्या कॉलेजचे नाव घेऊन काही लिहिलेले नसावे. कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि एमआयटी कॉमन ॲप वापरत नाहीत. त्यांच्या स्वतंत्र अर्जांतल्या चौकटींचे प्रश्न आणि मर्यादा वेगळ्या आहेत, त्यामुळे इथला मजकूर उचलून तिथे चिकटवण्याआधी तिथली सूचना वाचावी लागते.

पाठवून झालेल्या अर्जातली चौकट त्या कॉलेजपुरती बंद होते. नंतर केलेला बदल पुढे ज्या कॉलेजांना अर्ज जाईल त्यांनाच दिसतो. नोव्हेंबरमध्ये अर्ज गेल्यावर बारावीचे सत्रगुण आले, तर ते कॉलेजकडून मध्यवर्षाच्या अहवालात जातात, आणि काही नवे घडले असेल तर प्रत्येक कॉलेजच्या अर्जदार-पोर्टलवर किंवा ईमेलने कळवावे लागते; तिथेही तारीख, आकडा आणि दोन वाक्ये.